एका सिलिंडरमध्ये किती युनिट? किलोवॉट-तास आणि मेगाज्यूल यांचा हिशेब, मोजमापासह

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावातील, म्हणजे वर्धा जिल्ह्यातील एका लहानशा गावातील, बचत गटाच्या एका ताई इंडक्शन शेगडी घ्यावी की नाही या विचारात होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, एका सिलिंडरात लाइनचे किती युनिट बसतात, ते एकदा मांडून द्या न." प्रश्न एका ओळीचा होता आणि त्याचे एक उत्तर एका ओळीत देताही येते. परंतु ते उत्तर घेऊन कोणी थेट पैशांच्या हिशेबाला बसला, तर हिशेब जवळजवळ एक तृतीयांशाने चुकतो. तो कुठे चुकतो हे समजावे म्हणून आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात मोजमाप केले. तोच हिशेब येथे क्रमाने देत आहे.

दोन मापे आणि 3.6 हा आकडा

वीज मीटरवरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की तेवढी ऊर्जा खर्च होते. गॅसच्या ऊर्जेचे आकडे मात्र बहुधा मेगाज्यूलमध्ये दिलेले असतात आणि एक मेगाज्यूल म्हणजे दहा लाख ज्यूल. दोन्ही मापे ऊर्जेचीच आहेत, फक्त लहानमोठी आहेत.

त्यांच्यातील नाते पाठ करण्याऐवजी मांडून पाहिलेले बरे. एक वॉट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. म्हणून एक हजार वॉट म्हणजे दर सेकंदाला एक हजार ज्यूल. तासात 3,600 सेकंद असतात, त्यामुळे तासभरात 36 लाख ज्यूल, म्हणजेच 3.6 मेगाज्यूल खर्च होतात. हा आकडा प्रयोगातून काढलेला किंवा अंदाजाचा नाही, तर व्याख्येतूनच आलेला आहे, आणि म्हणून तो नेमका आहे.

```
मेगाज्यूल = युनिट × 3.6
युनिट = मेगाज्यूल ÷ 3.6
```

कुठे गुणायचे आणि कुठे भागायचे याचा गोंधळ मी शिकलेल्या माणसांचाही पाहिला आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिलेले असते आणि पारावर बोलताना आपण ते एकरात सांगतो. एकर हे लहान माप असल्यामुळे त्याच शेताचा एकरातला आकडा मोठा येतो, हे कोणालाही सांगावे लागत नाही. येथेही तसेच आहे. मेगाज्यूल हे लहान माप आहे, एका युनिटाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसे अधिक, नेमके सांगायचे तर 0.278 युनिट. म्हणून त्याच ऊर्जेचा मेगाज्यूलमधला आकडा नेहमी युनिटच्या आकड्यापेक्षा मोठा असला पाहिजे. तो लहान आला, तर गुणण्याच्या जागी भागले गेले आहे असे समजावे.

दुसरा गोंधळ किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांचा होतो. शेगडीच्या खोक्यावर छापलेले 2,000 वॉट हा वेग आहे, ती ऊर्जा नव्हे. त्याला 3.6 ने गुणून काहीच हाती लागत नाही. आधी त्याला तासांनी गुणून किलोवॉट-तास करावे लागतात आणि त्यानंतरच मेगाज्यूलकडे वळता येते.

सिलिंडरमधली ऊर्जा युनिटमध्ये

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळाला की सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता मिळते. गॅसमधील प्रोपेन आणि ब्युटेनच्या प्रमाणानुसार हा आकडा किंचित खालीवर होतो, पण घरगुती हिशेबाला 46 पुरेसा आहे.

```
14.2 किलो × 46 = 653 मेगाज्यूल
653 ÷ 3.6 = सुमारे 181 युनिट
```

ताईंच्या प्रश्नाचे एका ओळीतले उत्तर हे 181 युनिट. किलोमागे पाहिले तर ते 12.8 युनिट होते.

काही पुस्तकांत 46 ऐवजी 49 ते 50 मेगाज्यूल असा आकडा सापडतो आणि वाचक बुचकळ्यात पडतो. दोन्ही आकडे खरे आहेत. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि त्या वाफेत बरीच उष्णता अडकलेली असते. ती वाफ थंड करून तिचे पाणी केले, तर ती उष्णता परत मिळते. ती धरून मोजलेला आकडा मोठा येतो आणि त्याला एकूण उष्मांक म्हणतात. आपल्या शेगडीवर मात्र ती वाफ गंजाच्या बाजूने वर निघून जाते, तिचे पाणी होत नाही, म्हणून चुलीच्या हिशेबात निव्वळ उष्मांक, म्हणजे 46 च्या आसपासचा आकडा, घेणे योग्य ठरते. मोठा आकडा धरला तर सिलिंडरमध्ये 195 युनिट दिसू लागतात. चौदा युनिटांचा हा फरक केवळ आकडा कोणत्या रकान्यातून उचलला यामुळे पडतो. म्हणून एकाच हिशेबात दोन्ही आकडे कधीही मिसळू नयेत.

जुन्या पुस्तकांत उष्मांक किलोकॅलरीत असतो, तेव्हा 860 किलोकॅलरी म्हणजे एक युनिट एवढे लक्षात ठेवावे. किलोला 11,000 किलोकॅलरी असे लिहिले असेल, तर त्याला 860 ने भागून 12.8 येते, म्हणजे वरचाच आकडा. हिशेबाचा ताळा पाहण्यासाठी ही वाट बरी पडते.

181 हा आकडा अपुरा का आहे

सिलिंडरमधील सगळी उष्णता गंजात जात नाही. ज्योतीची बरीचशी उष्णता बाजूने निसटते, हे शेगडीजवळ उभे राहिले की अंगालाच कळते. विजेचेही थोडेफार तसेच असते, मात्र इंडक्शनवर उष्णता भांड्याच्या बुडातच निर्माण होत असल्यामुळे गळती पुष्कळ कमी असते. म्हणून तुलना सिलिंडरमधील उष्णतेची आणि मीटरवरील युनिटची न करता, दोन्हीकडून भांड्यातील पाण्यात किती उष्णता पोहोचली याची करावी लागते. दिलेल्या ऊर्जेपैकी जेवढे टक्के पाण्यात पोहोचतात, तिला कार्यक्षमता म्हणतात.

घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानक आय.एस. 4246 मध्ये कार्यक्षमता किमान 68 टक्के असावी असे सांगितले आहे. पण तो प्रयोगशाळेतील, ठराविक भांड्यावरचा, स्वच्छ बर्नरचा आकडा आहे. आपल्या घरातील शेगडी आठ वर्षे वापरलेली असते, बर्नरची अर्धी छिद्रे दुधाने बुजलेली असतात आणि ओट्याशेजारची खिडकी उघडी असते. म्हणून छापील आकडा घेण्यापेक्षा आपल्याच घरात मोजणे मला अधिक पटते, आणि त्याला लागणारे सामान गावात मिळते.

मोजमापाची तयारी

पाहिजे ते असे: पाण्यात बुडवता येईल असा, शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर (आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील मागून आणला), लिटरचे माप, झाकण असलेली दोन भांडी आणि वजनकाटा. काट्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण निम्मा घोटाळा तेथेच होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांचा कापूस मोजण्यासाठी घरोघरी टांगण्याचा काटा असतो आणि तो चटकन हाताशी येतो. मात्र त्यातले पुष्कळ काटे शंभर ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतात. शंभर ग्रॅम गॅस म्हणजे 4.6 मेगाज्यूल, म्हणजे जवळपास सव्वा युनिट. आपण मोजणार आहोत तेवढीच ऊर्जा काट्याच्या एका पायरीत लपून जाते. म्हणून दहा ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा आणि तीस किलोहून अधिक भार पेलणारा इलेक्ट्रॉनिक टांगता काटा घ्यावा. तो मिळतच नसेल, तर पाण्याचा प्रयोग सोडून द्यावा आणि महिन्याभराच्या वापरावरून हिशेब करावा.

सिलिंडरचे वजन करताना शेगडीच्या खटक्या बंद कराव्यात, रेग्युलेटर बंद करून काढून घ्यावा, तोंडावर सुरक्षा टोपी बसवावी आणि सिलिंडर उभाच टांगावा. नळी आणि रेग्युलेटर लोंबत ठेवून वजन केले तर आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो, आणि ते धोक्याचेही आहे. नवा सिलिंडर आला त्याच दिवशी वजन करावे आणि सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन त्यातून वजा करावे. समजा तेथे 15.7 कोरले असेल, तर भरलेला सिलिंडर 29.9 किलोच्या आसपास भरला पाहिजे. तसे नसेल, तर हिशेबात 14.2 न धरता प्रत्यक्ष भरलेले वजन धरावे.

गॅसवर मोजमाप

ताईंच्या घरी आम्ही गंजात पाच लिटर पाणी घेतले. पाण्याचे तापमान 26 अंश होते. झाकण ठेवून गॅस मोठा केला, मधूनमधून पाणी हलवून तापमान पाहिले आणि 86 अंश होताच गॅस बंद केला. म्हणजे पाणी 60 अंशांनी तापले. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला 4.186 किलोज्यूल लागतात आणि एक लिटर पाणी एक किलो धरायला हरकत नाही.

```
5 किलो × 60 अंश × 4.186 = 1,256 किलोज्यूल = 1.256 मेगाज्यूल
```

पाणी उकळू का दिले नाही, असे ताईंच्या मुलाने विचारले. उकळू दिले तर पाण्याची वाफ होऊन उडते आणि उडणारे प्रत्येक शंभर ग्रॅम पाणी सुमारे 0.23 मेगाज्यूल उष्णता आपल्यासोबत घेऊन जाते. ती उष्णता गॅसने दिलेली असते, पण थर्मामीटरवर दिसत नाही, त्यामुळे शेगडी आहे त्यापेक्षा वाईट ठरते. याच कारणासाठी झाकण ठेवायचे आणि नव्वदच्या अलीकडे थांबायचे.

एका खेपेला गॅस जेमतेम पंचेचाळीस ग्रॅम जळतो आणि दहा ग्रॅमच्या काट्यावर तेवढ्याची खात्री देता येत नाही. म्हणून गंज पूर्ण थंड करून, दरवेळी 26 अंशांचे ताजे पाणी घेऊन, हीच कृती चार वेळा केली आणि वजन सुरुवातीला व शेवटी असे दोनदाच केले. पाण्यात एकूण 5.02 मेगाज्यूल गेले. सिलिंडर आधी 24.86 किलो होता, नंतर 24.68 किलो भरला, म्हणजे 180 ग्रॅम गॅस जळाला.

```
0.180 किलो × 46 = 8.28 मेगाज्यूल
5.02 ÷ 8.28 = 0.606, म्हणजे सुमारे 61 टक्के
```

काटा एका पायरीने चुकला असेल, म्हणजे प्रत्यक्षात 170 किंवा 190 ग्रॅम जळाले असतील, तर हा आकडा 64 किंवा 57 टक्के येतो. म्हणून 61 हा नेमका आकडा न मानता तो त्या पट्ट्यातला मधला आकडा मानावा. गंजाचे धातूही तापते, त्याची उष्णता आम्ही धरली नाही. तो फरक तीन-चार टक्क्यांचा असतो आणि दोन्ही प्रयोगांत जवळपास सारखाच राहतो.

विजेवर मोजमाप

आता तेवढेच पाणी, तेवढ्याच अंशांनी, एका नातेवाइकाकडून मागून आणलेल्या इंडक्शनवर तापवले. गॅसवरचा ॲल्युमिनियमचा गंज येथे चालत नाही, कारण इंडक्शनला चुंबक चिकटेल असेच बूड लागते. फ्रीजच्या दारावरचे चुंबक भांड्याच्या तळाला लावून पाहिले की लगेच कळते. साधे स्टीलचे पातेले कधी चालते, कधी चालत नाही.

प्रयोग सुरू करण्यापूर्वी घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करावीत. फ्रीज तर आवर्जून बंद करावा, कारण तो आपणहून चालू होतो आणि त्याचे युनिट शेगडीच्या खात्यात लिहिले जातात. मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज असे अनेक आकडे फिरत राहतात, त्यांपैकी ज्याच्या बाजूला kWh लिहिलेले असते तोच आकडा टिपावा. ज्याच्या बाजूला नुसते kW असते तो भाराचा, म्हणजे वेगाचा आकडा आहे.

चार खेपा झाल्यावर मीटर 4312.6 वरून 4314.3 वर गेले, म्हणजे 1.7 युनिट.

```
1.7 × 3.6 = 6.12 मेगाज्यूल
5.02 ÷ 6.12 = 0.82, म्हणजे 82 टक्के
```

येथेही मीटरचा शेवटचा दशांश एका पायरीने इकडेतिकडे झाला तर आकडा 77 ते 87 टक्क्यांच्या दरम्यान फिरतो. काही मीटर दशांश दाखवतच नाहीत. तेव्हा खेपा वाढवाव्या लागतात, किंवा मीटरवरच्या लाल दिव्याचा आधार घ्यावा लागतो. मीटरवर एका युनिटला किती इम्पल्स, म्हणजे दिव्याचे किती ठोके, हे छापलेले असते. समजा 3,200 छापले असेल, तर एक ठोका म्हणजे 36,00,000 ÷ 3,200, अर्थात 1,125 ज्यूल. आम्ही फक्त शेगडी चालू ठेवून मोबाइलवर एका मिनिटाचे चित्रीकरण केले आणि ठोके मोजले, तेव्हा ते शंभर भरले. म्हणजे मिनिटाला 1,12,500 ज्यूल, त्याला साठने भागून 1,875 वॉट. शेगडीवर 2,000 लिहिले होते.

हा फरक आपल्या भागात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रब्बीच्या दिवसांत शेतातले पंप एकदम सुरू झाले की गावठाणातला दाबही कधीकधी खाली येतो. साध्या कॉइलच्या शेगडीवर त्याचा परिणाम फार होतो. 230 व्होल्टवर 1,500 वॉट देणारी कॉइल 180 व्होल्टवर जेमतेम 920 वॉट देते, कारण तिचा वेग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून "पंधराशे वॉट, अर्धा तास, म्हणजे पाऊण युनिट" असा छापील आकड्यावरून केलेला हिशेब अशा वेळी चुकतो. मीटर मात्र खरोखर खर्च झालेलीच ऊर्जा मोजतो, म्हणून हिशेब मीटरवरूनच करावा.

गॅसकडून विजेकडे

आता ताईंच्या प्रश्नाचे दुसरे आणि उपयोगाचे उत्तर देता येते. एका सिलिंडरमधून भांड्यात किती उष्णता पोहोचते आणि तेवढी इंडक्शनवर पोहोचवायला किती युनिट लागतील, हे पाहायचे आहे.

```
653 × 0.606 = 396 मेगाज्यूल (भांड्यात पोहोचलेले)
396 ÷ 0.82 = 483 मेगाज्यूल (मीटरमधून घ्यावे लागणारे)
483 ÷ 3.6 = सुमारे 134 युनिट
```

म्हणजे 181 च्या जागी 134. पहिल्या आकड्यावर विसंबले असते, तर वीज आहे त्यापेक्षा बरीच महाग वाटली असती. साधी कॉइलची शेगडी असेल, तर तिची कार्यक्षमता इंडक्शनपेक्षा कमी निघते आणि तेच काम करायला युनिट जास्त लागतात, म्हणून 82 हा आकडा तिला लावू नये.

पैशांकडे येताना मी दर गृहीत धरतो आहे, वाचकांनी आपल्या पावतीवरील आणि बिलावरील आकडे घालावेत. सिलिंडर 900 रुपयांना पडतो असे धरले, तर 900 ला 134 ने भागून 6 रुपये 72 पैसे येतात. जादा वापरलेले युनिट याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन स्वस्त. अनुदान वजा जाता सिलिंडर 600 रुपयांना पडत असेल, तर हीच रेषा 4 रुपये 48 पैशांवर येते आणि विजेला जागाच उरत नाही.

यातला "जादा" हा शब्द महत्त्वाचा आहे. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून दर काढणे ही येथली नेहमीची चूक आहे. त्या भागाकारात स्थिर आकारही येतो, जो शेगडी घेतली काय नि न घेतली काय, तेवढाच राहतो. उलट बाजूने, महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 या टप्प्याचा दर बराच चढा असतो. शेगडीचे युनिट आधीच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरचा दर लागण्याची शक्यता अधिक. दर काढताना त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवून त्यावर 16 टक्के वीज शुल्क लावावे.

ताईंच्या घरी सिलिंडर 41 दिवस चालतो आणि महिन्याला 75 युनिट जळतात. सिलिंडरचे काम 134 युनिटांचे, म्हणून तीस दिवसांना 98 युनिट. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर त्यातले फक्त 25 युनिट खालच्या टप्प्यात बसतात आणि उरलेले 73 वरच्या टप्प्यात जातात. समजा सर्व आकार धरून खालचा दर 6 रुपये आणि वरचा 12 रुपये पडतो. मग खर्च 150 अधिक 876, म्हणजे 1,026 रुपये होतो. गॅसचा तीस दिवसांचा खर्च 900 × 30 ÷ 41, म्हणजे सुमारे 659 रुपये आहे. सगळा स्वयंपाक विजेवर नेणे त्यांना महिन्याला साडेतीनशेहून अधिक रुपयांनी महाग पडले असते.

उलट दिशेने: विजेकडून गॅसकडे

मग प्रश्न उरला तो त्या 25 युनिटांचा. ते वापरले तर किती गॅस वाचेल? येथे साखळी उलटी फिरवायची आणि प्रत्येक पायरीवर गुणण्याच्या जागी भागायचे किंवा भागण्याच्या जागी गुणायचे.

```
25 × 3.6 = 90 मेगाज्यूल
90 × 0.82 = 73.8 मेगाज्यूल (भांड्यात)
73.8 ÷ 0.606 = 121.8 मेगाज्यूल (गॅसमधून लागले असते)
121.8 ÷ 46 = 2.65 किलो गॅस
```

2.65 किलो गॅसची किंमत 168 रुपये होते आणि 25 युनिटांचे 150 रुपये. महिन्याला अठरा रुपयांची बचत. तीही मोजमापातील चूक विरुद्ध बाजूला झुकली तर नाहीशी होणारी. गॅसची कार्यक्षमता 61 ऐवजी 64 टक्के धरली की वाचलेला गॅस अडीच किलो होतो आणि बचत दहा रुपयांखाली जाते. एवढ्यासाठी नवी शेगडी घेण्यात अर्थ नाही, असे मी ताईंना स्पष्ट सांगितले. घराच्या छतावर सौर संच असलेल्यांचा जादा युनिटचा दर वेगळा पडतो, त्यांचा निष्कर्षही वेगळा निघू शकेल, पण आकडेमोडीच्या पायऱ्या याच राहतील.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. 61 आणि 82 हे आकडे मोठ्या ज्योतीवर, झाकलेल्या भांड्यात पाणी तापवण्याचे आहेत. तुरीचे वरण कुकरमध्ये शिजवणे, चहा, दूध, आंघोळीचे पाणी यांना ते बऱ्यापैकी लागू पडतात. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून थेट ज्योतीवर फुगवायची असते, तिला ते लागू नाहीत, कारण तेथे भांडेच नसते आणि इंडक्शनवर ते काम होतही नाही. मंद आचेवर तासभर ठेवलेल्या पदार्थांनाही लागू नाहीत. अशा वेळी आठवड्यापूर्वीचे आणि आठवड्यानंतरचे सिलिंडरचे वजन हाच खरा आकडा देतो.

ताईंनी इंडक्शन घेतली नाही. नातेवाइकांची शेगडी मात्र परत जाण्यापूर्वी महिनाभर त्यांच्याकडेच राहिली आणि तिच्यावर त्या सकाळी आंघोळीचे पाणी तापवत. वीस लिटरची एक बादली 25 अंशांनी तापवायला 2.09 मेगाज्यूल लागतात. 73.8 ला त्याने भागले, तर 25 युनिटांत 35 बादल्या होतात, म्हणजे दिवसाला एक. त्या महिन्यात मीटर 102 युनिट चालला. दोन युनिट वरच्या टप्प्यात गेले.